कानातलं की कानाबाहेरचं? : कॉक्लियर इम्प्लांट आणि विम्याची भाषा

भारतात 'मेडिक्लेम' नावाची पॉलिसी 1986 साली आली. जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन आणि तिच्या चार सरकारी कंपन्यांनी ती बाजारात आणली. आजारपणात इस्पितळात भरती व्हावं लागलं तर खर्च मिळेल, हा तिचा साधा वायदा होता. काय मिळणार नाही याची यादीही सोबत होती. त्या यादीत एका ओळीत चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र यांचा खर्च वगळलेला होता. दुसऱ्या एका कलमात विश्रांतीसाठीची भरती, वंध्यत्व, गुप्तरोग यांच्या पंगतीत 'जन्मजात बाह्य व्यंग' बसवलेलं होतं.

मी एका सरकारी विमा कंपनीच्या नागपूर कार्यालयात बरीच वर्षं दावे तपासले. ही दोन कलमं तोंडपाठ होती. चष्म्याची ओळ तर्काला धरून होती. चष्मा आणि कानामागचं यंत्र दुकानातून विकत आणायचं असतं, त्यासाठी कुणी भरती होत नाही. विमा हा अनपेक्षित मोठ्या खर्चासाठी असतो, ठरलेल्या छोट्या खर्चासाठी नसतो. घोटाळा एवढाच, की ही ओळ लिहिली गेली त्याच्या आदल्याच वर्षी, 1985 साली, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बावीस इलेक्ट्रोडचं एक यंत्र मोठ्या माणसांसाठी मंजूर केलं होतं. ते कानाशी संबंधित होतं, पण श्रवणयंत्र नव्हतं. आपल्या पॉलिसीला त्याचा पत्ता असण्याचं कारणच नव्हतं. पुढची तीसेक वर्षं मात्र त्याच ओळीच्या आधारे त्या यंत्राचे दावे तपासले गेले.

यंत्र नेमकं काय आहे

श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. आतल्या कानाच्या शंखात, म्हणजे कॉक्लियात, आवाजाचं विजेत रूपांतर करणाऱ्या केसपेशी असतात. त्या नसतीलच तर आवाज कितीही मोठा करा, मज्जातंतूपर्यंत काही पोचत नाही. कॉक्लियर इम्प्लांट या पेशींना वळसा घालून थेट श्रवण-मज्जातंतूला विजेचे स्पंद देतं.

मज्जातंतूला अशी वीज देण्याचा पहिला प्रयोग पॅरिसमध्ये 1957 साली जूर्नो आणि एरिये यांनी केला. लॉस एंजलिसमध्ये विल्यम हाउस यांनी 1961 पासून एका इलेक्ट्रोडचं यंत्र घडवलं. त्याने आवाजाची चाहूल लागे, शब्द उमगत नसत. अनेक इलेक्ट्रोडचं यंत्र ग्रॅम क्लार्क यांनी मेलबर्नमध्ये 1 ऑगस्ट 1978 रोजी पहिल्यांदा एका रुग्णाच्या कानात बसवलं. शंखाच्या वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या पट्टीचे स्वर ओळखले जातात. म्हणून अनेक जागी वीज देता आली, तेव्हाच बोलणं कळू लागलं. लहान मुलांसाठी या यंत्राला अमेरिकेत 1990 साली परवानगी मिळाली. पुढच्या दशकात चेन्नई आणि मुंबईत या शस्त्रक्रिया रुळल्या, नागपुरात त्याहून बऱ्याच उशिरा.

विम्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की हे यंत्र दोन तुकड्यांचं आहे. आतला तुकडा कानामागच्या हाडात बसवतात. त्याची इलेक्ट्रोडची बारीक तार शंखात जाते. तो जन्मभर टिकावा अशी अपेक्षा असते आणि त्याची वॉरंटी बहुधा दहा वर्षांची असते. बाहेरचा तुकडा म्हणजे प्रोसेसर. त्यात मायक्रोफोन, बॅटरी आणि चुंबकाने डोक्याला चिकटणारी कॉइल असते. त्याची वॉरंटी दोन-तीन वर्षांची. पाच ते सात वर्षांत तो जुना होतो, पुढे कंपनी त्याचे सुटे भाग बनवणं थांबवते. एकावाचून दुसरा निरुपयोगी. प्रोसेसर बंद पडला की हाडातलं महागडं यंत्र नुसता धातूचा तुकडा होतं, आणि मूल त्या क्षणी पुन्हा पूर्ण बहिरं होतं.

अमेरिकेने काय ठरवलं

हाच पेच अमेरिकेतल्या मेडिकेअरपुढेही आला. 1965 च्या मूळ कायद्यात श्रवणयंत्रं वगळलेलीच होती. पण कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे निकामी झालेल्या अवयवाचं काम करणारा कृत्रिम अवयव, असा अर्थ तिथे लावला गेला. जयपूर फूट जसा पाय, तसा हा कृत्रिम शंख. एकदा 'कृत्रिम अवयव' म्हटलं की पुढचे प्रश्न आपोआप सुटतात. कृत्रिम अवयवाचा बाहेरचा भागही अवयवच. त्याला आयुष्य असतं आणि ते संपलं की तो बदलावा लागतो. म्हणून तिथे साधारण पाच वर्षांनी प्रोसेसर बदलण्याचा प्रघात पडला. कटकटी तिथेही आहेत, पण वाद 'किती वर्षांनी' यावर होतो. आपल्याकडे तो 'हे आहे तरी काय' यावरच अडला.

नागपूर, 21 नोव्हेंबर 2013

आपल्याकडे सरकारी योजनांनी हा प्रश्न खासगी पॉलिसींच्या आधी हाताळला. आंध्र प्रदेशात 2007 साली आरोग्यश्री सुरू झाली. तिची कुटुंबामागे ठरलेली मर्यादा दोन लाखांची होती, कॉक्लियर इम्प्लांट त्यात मावणं शक्य नव्हतं. म्हणून ते विम्याच्या हिशोबातून बाहेर काढलं आणि आरोग्यश्री ट्रस्टने प्रत्येक मुलामागे साडेसहा लाखांपर्यंत खर्च द्यायचा असं ठरलं. त्या रकमेत शस्त्रक्रियेनंतरचं ऐकण्या-बोलण्याचं प्रशिक्षणही धरलेलं होतं. ज्याने हे लिहिलं त्याला विषय कळला होता.

महाराष्ट्राने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू केली. गडचिरोली आणि अमरावती त्यांत होते, नागपूर नव्हतं. योजना राज्यभर लागू करण्याचा समारंभ मात्र 21 नोव्हेंबर 2013 रोजी नागपुरातच झाला. विमा नॅशनल इन्शुरन्सचा, हप्ता सरकारने भरायचा, कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचं कवच. हृदयाच्या झडपा, कर्करोग, भाजणं अशा नऊशेहून जास्त उपचारांची यादी. विदर्भातल्या हजारो घरांना या योजनेने तारलं, यात शंका नाही. पण दीड लाखात कॉक्लियर इम्प्लांट बसत नाही. नुसत्या यंत्राची किंमत त्याच्या तिप्पट-चौपट.

ही पोकळी भरायला केंद्राची 'एडिप' योजना आली. दिव्यांगांना साधनं देणारी ही योजना जुनी आहे. 1 एप्रिल 2014 पासून तिच्यात कॉक्लियर इम्प्लांट घातलं गेलं. एका मुलामागे सहा लाखांपर्यंत मदत, देशभरात वर्षाला पाचशे मुलं, आणि कारभार मुंबईत वांद्र्याच्या अलीयावर जंग संस्थेकडे. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची अट पाच वर्षांपर्यंत. आंध्रसारखंच इथेही शस्त्रक्रियेनंतरचं मॅपिंग आणि दोन वर्षांचं प्रशिक्षण मदतीत धरलेलं होतं. उत्पन्नाची अट मात्र कडक होती. महिना पंधरा हजारांपर्यंत पूर्ण मदत, वीस हजारांपर्यंत अर्धी, त्यावर काही नव्हतं.

त्यामुळे मधला एक थर उघडा राहिला. महिना वीस-पंचवीस हजार मिळवणारा, एमआयडीसीत नोकरी करणारा, कंपनीची पाच लाखांची गटविमा पॉलिसी असणारा. तेव्हाच्या एडिपला तो श्रीमंत आणि दुकानदाराला गरीब. अशा माणसांची गाठ थेट 1986 च्या त्या ओळीशी पडली.

एक फाइल

निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतून लोक पॉलिसीचे कागद घेऊन येऊ लागले. त्यातली एक फाइल इथे उलगडतो. नावं आणि कंपनी सांगत नाही. तसंच घडलेलं दुसऱ्या कंपन्यांतही पाहिलं आहे.

वडील हिंगण्याकडच्या एका कारखान्यात, पगार चोवीस हजार. मुलगी फेब्रुवारी 2018 ची. फटाक्यांना दचकली नाही म्हणून त्या दिवाळीत घरच्यांच्या मनात पाल चुकचुकली. डिसेंबरात बेरा तपासणी झाली. बाळाला झोपवून, डोक्याला तारा लावून कानाकडून मेंदूकडे जाणारा संदेश मोजतात, ती ही तपासणी. दोन्ही कान जवळजवळ पूर्ण निकामी निघाले. नियमाप्रमाणे तीन महिने श्रवणयंत्रं लावून पाहिली, उपयोग झाला नाही. सीटी आणि एमआरआय करून शंख आणि मज्जातंतू जागेवर आहेत याची खात्री झाली. मेंदूज्वराचा धोका टाळण्यासाठीच्या लसी दिल्या. 6 मे 2019 ला एका कानाची शस्त्रक्रिया झाली, 9 तारखेला सुट्टी मिळाली.

घाई का, हेही सांगायला हवं. मेंदूचा ऐकण्याचा भाग आवाजाची वाट अमर्याद काळ पाहत नाही. अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली दाखवून दिलं, की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद बहुतेक वेळा वयाला साजेसा होतो. सातनंतर झालेल्यांचा तसा होत नाही. विम्याच्या प्रतीक्षा-काळाशी पुढे याचा संबंध येतो.

बिल असं होतं. यंत्राचा संच 5 लाख 60 हजार. इस्पितळ, सर्जन, भूल, तपासण्या मिळून 1 लाख 20 हजार. एकूण 6 लाख 80 हजार. कॅशलेस मंजुरी मिळाली नाही. दागिने गहाण ठेवून आणि सोसायटीचं कर्ज काढून पैसे भरले आणि नंतर दावा टाकला. पत्र आलं त्यात नकाराची दोन कारणं होती : एक, श्रवणयंत्राचा खर्च वगळलेला आहे, दोन, व्यंग जन्मजात आहे.

दुसरं कारण आधी घेतलं, कारण ते सर्वांत कच्चं होतं. विमा नियामकाच्या व्याख्येनुसार जन्मजात दोष दोन प्रकारचे असतात. शरीराच्या दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या भागात असेल तो बाह्य. तसा नसेल तो आंतरिक. या पॉलिसीने फक्त बाह्य दोष वगळला होता. कानाची पाळी नसणं हा बाह्य दोष. शंखातल्या केसपेशी कुणाला दिसतात? सीटी-एमआरआयचा अहवाल जोडला, कानाचा बाहेरचा भाग नैसर्गिक असल्याचं सर्जनचं एका ओळीचं प्रमाणपत्र जोडलं. तो मुद्दा तिथेच मिटला. योगायोग असा, की त्याच वर्षी 27 सप्टेंबरला नियामकाने वगळणुकींची प्रमाणित नियमावली काढली आणि आंतरिक जन्मजात आजार वगळायलाच मनाई केली. आमच्या वादाला ती लागू नव्हती, पुढच्यांना झाली.

पहिलं कारण चिवट होतं. श्रवणयंत्राला भरती लागत नाही, भूल लागत नाही, शस्त्रक्रिया लागत नाही; इथे तिन्ही लागलं, असं आम्ही लिहिलं. महिनाभर समाधानकारक उत्तर आलं नाही तेव्हा विमा लोकपालाकडे अर्ज केला. नागपूरकरांना त्यासाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

सुनावणीआधीच कंपनीने तडजोड सुचवली. यंत्राचं बिल फोडून आणा म्हणाले. विक्रेत्याने फोडून दिलं : आतला तुकडा 3 लाख 20 हजार, प्रोसेसर 2 लाख 40 हजार. कंपनीचं म्हणणं असं, की आतला तुकडा इम्प्लांट आहे, तो हृदयातल्या स्टेंटसारखा देऊ. बाहेरचा तुकडा कानावर अडकवायचं उपकरण आहे, तो नाही. म्हणजे 3 लाख 20 हजार अधिक 1 लाख 20 हजार, एकूण 4 लाख 40 हजार.

वडील म्हणाले, "काका, मशीन एकच घेतलं न आपण? अर्धं आजार अन् अर्धं चष्मा, असं कसं होते?"

प्रश्न बिनतोड होता. पण मी त्यांना कागदावर दुसरा हिशोब मांडून दाखवला. कवच पाच लाखांचं. पूर्ण जिंकलो तरी पाच लाखच मिळणार. म्हणजे भांडण दोन लाख चाळीस हजारांचं दिसत असलं, तरी प्रत्यक्षात ते साठ हजारांचं होतं. हातात येत असलेले चार लाख चाळीस हजार त्यासाठी महिनोन् महिने अडकवायचे का, हा निर्णय त्यांचा. व्याज दर महिन्याला वाढत होतं. त्यांनी तडजोड घेतली. अशा प्रत्येक तडजोडीमुळे 'प्रोसेसर म्हणजे उपकरण' हा अर्थ न तपासताच पक्का होत जातो. पण ते ओझं एका कामगाराच्या खांद्यावर टाकणं योग्य नव्हतं.

साठ दिवसांत बोलायला शिका

टाके भरल्यावर यंत्र सुरू करतात, त्याला स्विच-ऑन म्हणतात. या मुलीचं स्विच-ऑन 3 जूनला झालं. त्या दिवशी मूल ऐकू लागतं, असं लोकांना वाटतं. खरं तर त्या दिवशी त्याचं ऐकण्यातलं वय शून्य असतं. पुढे महिनोन् महिने प्रत्येक इलेक्ट्रोडची वीज कमी-जास्त करत मॅपिंग करावं लागतं. आवाज म्हणजे काय, तो कुठून आला, 'आई' या आवाजाचा आईशी काय संबंध, हे प्रशिक्षकाकडे आणि घरी रोज शिकवावं लागतं. हे झालं नाही तर यंत्र उत्तम चालत असूनही मूल बोलत नाही. थोड्या दिवसांनी ते कॉइल ओढून काढायला लागतं, कारण त्याच्यासाठी तो नुसता गोंगाट असतो. गाडी रुळावरून घसरत असल्याची ही पहिली खूण.

पॉलिसीत भरतीनंतरच्या साठ दिवसांचा खर्च मिळतो. 9 मेपासून साठ दिवस 8 जुलैला संपले. स्विच-ऑनपासून मोजले तर हाती उरले पाच आठवडे. आठवड्याला दोन बैठका, प्रत्येकी पाचशे रुपये, म्हणजे एकंदर पाच हजार. तेही नाकारले गेले, कारण वाचा-उपचार हा 'वैद्यकीय खर्च' नाही, असं उत्तर आलं. दोन वर्षांचं प्रशिक्षण याच दराने एक लाख चार हजारांचं होतं. शिवाय आईने सोडलेली शिवणकामाची मिळकत आणि बसभाडं.

साठ दिवसांचं हे माप आलं कुठून? मेडिक्लेमच्या कल्पनेतला आजार म्हणजे अपेंडिक्स. कापला, टाके काढले, दोन महिन्यांत माणूस कामावर. बरं होणं म्हणजे पूर्वीसारखं होणं. या मुलीच्या बाबतीत 'पूर्वीसारखं' काही नव्हतंच. शस्त्रक्रिया ही उपचाराची सुरुवात होती, आणि विम्याच्या लेखी तीच उपचाराची अखेर. प्रशिक्षणाचा खर्च नियमित देणारा एक सरकारी विमा आपल्याकडे आहे, नॅशनल ट्रस्टचा 'निरामय', एक लाखाचा. पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. नुसता बहिरेपणा त्यात येत नाही.

पाच वर्षांनंतर

प्रोसेसरची वॉरंटी 2022 मध्ये संपली. त्यानंतर कॉइलची तार दोनदा तुटली. तार तुटण्याची खूण म्हणजे आवाज मधेच जातो, डोकं हलवलं की परत येतो. लहान मुलाला हे सांगता येत नाही, ते फक्त हाकेला ओ देईनासं होतं. शाळेत त्याला 'लक्ष नाही' म्हणतात. खर्च दोन्ही वेळा घरचाच, कारण भरती नाही तर दावा नाही. नवा प्रोसेसर घ्यायचा तर त्यालाही तेच लागू. विम्याच्या भाषेत ती नव्या मोबाइलसारखी खरेदी.

काही पालक प्रोसेसरसाठी वेगळी 'ऑल रिस्क' पॉलिसी घेतात. ही आरोग्याची पॉलिसी नसून वस्तूंची आहे, कॅमेरा किंवा लॅपटॉपचा काढतात तशी. प्रोसेसर हरवला, चोरीला गेला, पाण्यात पडला तर ती कामाची. घेताना अनुक्रमांक आणि आजची बदली-किंमत लिहून घ्यावी, जुनी खरेदी-किंमत नव्हे. पण झीज आणि कालबाह्यता तिच्यात बसत नाही. म्हणजे प्रोसेसर नाल्यात पडला तर पैसे मिळतील, म्हातारा होऊन बंद पडला तर नाही. मुलीच्या कानाला दोन्ही सारखेच.

केरळने 2012 साली 'श्रुतितरंगम्' योजनेत मोफत इम्प्लांट सुरू केली. काही वर्षांनी तिथल्या पालकांपुढे हाच डोंगर उभा राहिला, तेव्हा दुरुस्ती आणि बदलीसाठीही सरकारकडे मदत मागावी लागली. फुकट मिळालेल्या यंत्रालाही आयुष्य असतं, हे योजना आखताना लिहून ठेवावं लागतं.

आजची भाषा

2019 च्या नियमावलीत बारा आधुनिक उपचारांची यादी होती. तिच्यानुसार ते नाकारता येत नव्हते, फार तर रकमेची मर्यादा घालता येत होती. त्यात मेंदूत इलेक्ट्रोड बसवून केलेला डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा उपचार होता. शंखात इलेक्ट्रोड बसवण्याचा नव्हता. आंतरिक जन्मजात दोष वगळायला बंदी आली, तर आता काही पॉलिसींत वगळलेल्या वस्तूंच्या यादीत श्रवणयंत्राशेजारी 'कॉक्लियर इम्प्लांट' असं नाव घेऊनच लिहिलेलं सापडतं. 1986 ची ओळ अज्ञानातून आली होती. ही जाणूनबुजून आली आहे. म्हणून बाळाचं नाव पॉलिसीत घालण्याआधी जन्मजात आजारांच्या कलमावर समाधान मानू नये, ती वस्तूंची यादी शेवटपर्यंत वाचावी.

फेब्रुवारी 2023 मध्ये नियामकाने सगळ्या आरोग्य विमा कंपन्यांना दिव्यांगांसाठी वेगळी पॉलिसी काढायला लावली. कवच चार किंवा पाच लाखांचं. आधीपासून असलेल्या दिव्यांगत्वासाठी प्रतीक्षा-काळ चोवीस महिन्यांचा. आता हिशोब करू. या मुलीचं निदान दहाव्या महिन्यात झालं. त्याच आठवड्यात अशी पॉलिसी घेतली असती, तर दावा करायला ती चौतीस महिन्यांची झाल्यावर मोकळी झाली असती. शस्त्रक्रिया झाली ती पंधराव्या महिन्यात. मधले एकोणीस महिने पॉलिसीच्या हिशोबात फक्त थांबण्याचे. मुलीच्या मेंदूच्या हिशोबात ते साडेतीन वर्षांच्या मुदतीतले जवळजवळ अर्धे.